बिलाप्रमाणे नफा की मिळालेल्या पैशाप्रमाणे? उधारीवर चालणाऱ्या डिझाइन ऑफिससाठी

प्रश्न: पुण्यात माझं इंटिरियर डिझाइनचं ऑफिस आहे, प्रोप्रायटरशिप. वर्षाला साधारण ६० लाखांची बिलं होतात, पण पैसे तीन-चार महिन्यांनी येतात. सीए म्हणतात २८ लाख नफा झालाय, कर भरा. खात्यात तेवढे पैसेच नाहीत! मित्र म्हणतो, कॅश बेसिसवर जा, पैसे येतील तेव्हाच कर. जाऊ का? पुढच्या वर्षीपासून टर्नकी कामंही, म्हणजे सामान आणि सुतारासकट पूर्ण काम अंगावर, घ्यायचा विचार आहे.

उत्तर:

नुसतं डिझाइनचं शुल्क घेत राहणार असाल तर कॅश पद्धत तुम्हाला चालेल आणि ती कायदेशीरही आहे. टर्नकी कामं त्याच फर्ममध्ये घेणार असाल तर मर्कंटाइलवरच राहा, म्हणजे पैसे कधीही येवोत-जावोत, बिल झालं की उत्पन्न आणि खर्च धरण्याच्या सध्याच्या पद्धतीवर. पण कॅशवर गेल्याने जे सुटेल असं तुमचा मित्र सांगतोय, त्यातलं बरंचसं सुटणार नाही.

आधी मुभा कोणाला, ते बघू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे धंदा-व्यवसायाचं उत्पन्न रोख किंवा मर्कंटाइल, यांपैकी जी पद्धत तुम्ही नियमितपणे वापरता तिने मोजलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, हे तत्त्व तेच राहिलं. खाली प्राप्तिकराचे क्रमांक जुन्या कायद्यातले दिले आहेत. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्म यांना निवड आहे. एलएलपीलाही आहे. कंपनीला नाही, कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ ने तिला मर्कंटाइल सक्तीची आहे. आणि दोन्हींची खिचडी कोणालाच चालत नाही. उत्पन्न पैसे आल्यावर धरायचं आणि खर्च मात्र बिल आल्याबरोबर टाकायचा, ही सोय १९९७-९८ च्या कर आकारणी वर्षापासून बंद झाली. तरी अशी पुस्तकं अजून दिसतात.

आता तुमचे आकडे. तुम्ही दिलेत त्यांच्या आसपासचे, मोजायला सोपे असे धरतो, सगळे जीएसटी वगळून. २०२५-२६ मध्ये ६२ लाखांची बिलं केली. वर्षाच्या सुरुवातीला लोकांकडून ९ लाख येणं होतं, शेवटी ते २१ लाख झालं. म्हणजे प्रत्यक्ष हातात आले ९ अधिक ६२ वजा २१, असे ५० लाख. खर्च ३४ लाखांचा झाला. सुरुवातीला देणी २ लाख होती, शेवटी ५ लाख, म्हणजे प्रत्यक्ष दिले ३१ लाख. मर्कंटाइलने नफा ६२ वजा ३४, म्हणजे २८ लाख. तुम्ही पहिल्यापासून कॅशवर असता तर तोच नफा ५० वजा ३१, म्हणजे १९ लाख दिसला असता. दुसरं काही उत्पन्न नसेल तर नव्या कर प्रणालीत २८ लाखांवर सेससह कर होतो ४,३६,८०० रुपये आणि १९ लाखांवर १,८७,२०० रुपये. फरक जवळजवळ अडीच लाखांचा. मित्राला दिसतोय तो हा आकडा.

पण हा ९ लाखांचा फरक आला कुठून? वर्षाच्या सुरुवातीला निव्वळ येणं, म्हणजे येणी वजा देणी, ७ लाख होतं. शेवटी ते १६ लाख झालं. त्यातली वाढ ९ लाख. कॅश पद्धत तेवढ्याच रकमेवरचा कर पुढे ढकलते. पुढच्या वर्षी निव्वळ येणं १६ लाखांवरच राहिलं तर दोन्ही पद्धतींनी नफा सारखाच निघेल. ते कमी झालं, म्हणजे तुम्ही जुनी उधारी नेटाने वसूल केली, तर कॅश पद्धतीने नफा जास्त दिसेल आणि कर जास्त भरावा लागेल. धंदा वाढत असेल तोवर सवलत मिळते, थांबला की ती परत द्यावी लागते. शिवाय रखडलेले सगळे पैसे एकाच मार्चमध्ये आले तर त्यातले बरेचसे ३० टक्क्यांच्या टप्प्यात जाऊन बसतात.

यातून एक गोष्ट मात्र खरोखर मिळते. ज्या पैशावर कर भरायचा तो पैसा खात्यात आलेला असतो. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला भरताना कॅश पद्धतीत अंदाज सोपा जातो, कारण बँकेचं पासबुकच जवळजवळ नफा-तोटा पत्रक असतं. ज्या व्यवसायात काम झालं की लगेच पैसे मिळतात, मालाचा साठा नसतो आणि कर्जही नसतं, तिथे ही पद्धत छान बसते. ओपीडी चालवणारा डॉक्टर, वकील, एकटा काम करणारा सल्लागार असे लोक यात येतात. त्यांच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचा निकाल जवळपास सारखाच असतो, मग कमी कटकटीची का घेऊ नये?

तुमचा त्रास मात्र प्राप्तिकरापुरता नाही. तुमच्या २१ लाखांच्या उधारीवर १८ टक्क्यांनी ३ लाख ७८ हजार जीएसटी होतो, आणि बहुतेक तो तुम्ही खिशातून भरून बसला आहात. त्याला कॅश पद्धतीचा काहीही उपयोग नाही. सेवेवरचा जीएसटी बिलाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांतली जी आधी येईल तिने लागतो. बिल मुदतीत केलं नाही तर सेवा पुरवल्याची तारीख धरतात. तुम्ही प्राप्तिकरासाठी कोणती पद्धत वापरता, हे जीएसटी विचारतच नाही. वर ग्राहकाने पैसे बुडवले तरी भरलेला जीएसटी बुडीत कर्ज म्हणून परत मिळत नाही.

म्हणून पद्धत बदलण्याआधी करारपत्र बदला. घराचं किंवा ऑफिसचं डिझाइन सहसा तीन महिन्यांहून जास्त चालतं आणि पैसे टप्प्याटप्प्याने ठरलेले असतात. अशा सतत चालणाऱ्या सेवेला केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१(५) चा वेगळा नियम आहे. करारावरून पैसे देण्याची तारीख कळत असेल तर त्या तारखेपर्यंत बिल करायचं. पैसे एखादा टप्पा पूर्ण होण्याशी जोडले असतील तर टप्पा पूर्ण होईपर्यंत. तारीख करारावरून कळतच नसेल तर पैसे मिळाल्यावर. तुम्ही ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं मोघम लिहिता आणि ड्रॉइंग पाठवलं की उत्साहाने टॅक्स इन्व्हॉइस फाडता, असं असेल तर दोन्हीकडून मार खाता. टप्पा असा लिहा की ग्राहकाला तो टाळता येणार नाही, उदाहरणार्थ ‘ग्राहकाने लेआउटला लेखी मंजुरी दिल्यावर शुल्काच्या ३० टक्के’. पैशाची मागणी आधी प्रोफॉर्मा इन्व्हॉइसने करा आणि टॅक्स इन्व्हॉइस टप्पा लागल्यावर काढा. मात्र टप्पा पूर्ण झाल्यावरही बिल दाबून ठेवू नका. जबाबदारी तेव्हाच सुरू होते आणि उशिराचं व्याज तुमच्या अंगावर येतं.

ग्राहकांत बिल्डर किंवा कंपन्या असतील तर उद्यम नोंदणीही करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकवलं नाही, तर प्राप्तिकराच्या कलम ४३बी(एच) मुळे देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंट्स विभागच तुम्हाला फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. घरगुती ग्राहकांवर याचा काही परिणाम होत नाही.

आता टर्नकी कामाकडे येतो, कारण तुमचा निर्णय तिथे ठरतो. समजा फेब्रुवारीत एका फ्लॅटचं काम घेतलं आणि आगाऊ १० लाख अधिक जीएसटी मिळाले. ३१ मार्चपर्यंत तुम्ही ४ लाखांचं प्लायवूड, लॅमिनेट आणि हार्डवेअर बँकेतून लगेच पैसे देऊन घेतलं आणि गोडाऊनमध्ये ठेवलं. सुतार अजून साइटवर आलेला नाही. मर्कंटाइलने नफा शून्य: १० लाख ग्राहकाचं देणं, ४ लाखांचा माल शिल्लक. कॅशने १० लाख जमा, ४ लाख खर्च, नफा ६ लाख, आणि त्यावर या वर्षी कर! उलट, पुढच्या वर्षी सगळा खर्च येईल आणि शेवटचा हप्ता अडकला तर तोटा दिसेल. दोन्ही आकडे कामाबद्दल काहीच सांगत नाहीत. अमुक साइटवर पैसे सुटले की गेले, हे तुम्हाला कळणार नाही, आणि टर्नकीमध्ये तेच कळायला हवं असतं. जीएसटीचं म्हणाल तर काम सेवा म्हणून धरलं जात असेल तर आगाऊ रकमेवरचा कर पैसे आल्याबरोबर लागतो, पद्धत कुठलीही असो.

बँकेचाही विचार करा. टर्नकी म्हटलं की खेळतं भांडवल लागतं, म्हणजे कॅश क्रेडिट. ती मर्यादा देताना बँक साठा आणि येणी बघते, तीही बहुतेक ठिकाणी ९० दिवसांच्या आतली. कॅश पद्धतीच्या ताळेबंदात २१ लाखांचं येणं उत्पन्न म्हणून उभंच नसतं. मग बँकेसाठी वेगळा ताळेबंद आणि कर खात्यासाठी वेगळा, असा उद्योग सुरू होतो. तो अजिबात करू नका.

त्यामुळे दोन्ही कामं करायचीच असतील तर डिझाइनचं शुल्क या प्रोप्रायटरशिपमध्ये राहू द्या आणि टर्नकी वेगळ्या एलएलपीत किंवा कंपनीत न्या, तिथे मर्कंटाइल ठेवा. पण वर्षाला एक-दोन टर्नकी कामं असतील तर दुसऱ्या संस्थेचा अनुपालनाचा खर्च परवडत नाही. तेव्हा सगळंच मर्कंटाइलमध्ये ठेवलेलं बरं.

टर्नकीचा विचार सोडलात आणि कॅशवर जायचं ठरवलंत, तर बदल कसा करायचा ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो. बदल १ एप्रिलपासूनच्या पुस्तकांत करायचा. वर्ष संपल्यावर रिटर्न भरताना ‘या वर्षी कॅश धरू’ असं चालत नाही. तेव्हा २०२५-२६ मर्कंटाइलनेच बंद करा आणि नवी पद्धत १ एप्रिल २०२६ पासून घ्या. ३१ मार्चच्या येण्यांची बिलवार यादी करा: ग्राहक, बिल क्रमांक, शुल्क, जीएसटी, टीडीएस. या २१ लाखांवर २०२५-२६ मध्ये कर भरून झालाय. ते २०२६-२७ मध्ये खात्यात आले की पुन्हा उत्पन्नात धरायचे नाहीत. तसंच ५ लाखांची देणी खर्चात टाकून झालीत, ती चुकवताना पुन्हा खर्च नाही.

पुढचं वर्ष अगदी तसंच गेलं असं धरा: ६२ लाखांची बिलं, ३४ लाखांचा खर्च, शेवटी येणी २० लाख, देणी ४ लाख. हातात येतील ६३ लाख. त्यातले जुने २१ वगळून ४२ लाख उत्पन्न. दिले जातील ३५ लाख. जुने ५ वगळून ३० लाख खर्च. नफा १२ लाख. धंदा होता तसाच आणि नफा २८ वरून १२ वर! हा १६ लाखांचा खड्डा बदलाच्या वर्षी एकदाच पडतो. अधिकाऱ्याचं लक्ष त्याकडे जाणारच, आणि जायलाही हवं. तुमचा नफा ढोबळ प्राप्तीच्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे कलम ४४एडीए ची, म्हणजे प्राप्तीच्या ५० टक्के नफा धरून कर भरण्याची वाट न धरता खरा नफा दाखवायचा तर कर लेखापरीक्षण लागतं. त्या अहवालात पद्धत बदलली का आणि नफ्यावर किती परिणाम झाला, हे लिहावंच लागतं. बदलाचं कारण एका पानावर लिहून ठेवा, यादी सोबत जोडा आणि त्यानंतर पद्धत हलवू नका. दोन वर्षांनी परत मर्कंटाइलवर येणाऱ्याची सोयीची पद्धत ‘नियमित’ मानली जात नाही.

रोजच्या नोंदींत सगळ्यात जास्त चुका एका जागी होतात. १ लाख शुल्काचं बिल, वर १८ हजार जीएसटी. कंपनी १० टक्के टीडीएस कापून १,०८,००० रुपये पाठवते. बरेच लोक १,०८,००० हेच उत्पन्न धरतात. ते चूक. उत्पन्न १,००,००० आहे. १८,००० सरकारचं देणं आणि १०,००० तुमचा आधीच भरलेला कर. अर्धे पैसे आले तर ते शुल्क आणि जीएसटीत बिलाच्या प्रमाणात विभागा आणि दरवेळी तसंच करा.

कॅश पद्धत घेतली म्हणून बिलांची नोंद सोडायची नाही, नाहीतर कोणाकडून किती येणं आहे तेच विसराल. बिल केलं की ग्राहकाच्या खात्याला १,१८,००० नावे टाका. जमा बाजूला १८,००० जीएसटी देणं आणि १,००,००० ‘न मिळालेलं शुल्क’ या खात्यात. पैसे आले की बँक आणि टीडीएस नावे, ग्राहक जमा. त्याच दिवशी एक जर्नल नोंद करून ‘न मिळालेलं शुल्क’ नावे आणि ‘शुल्क उत्पन्न’ जमा करा. वर्षाअखेर ‘न मिळालेलं शुल्क’ खात्यातली शिल्लक आणि येण्यांच्या यादीतला शुल्काचा भाग जुळला पाहिजे. जुळत नसेल तर कुठेतरी जर्नल राहिलंय किंवा टीडीएस नीट टाकलेला नाही.

टीडीएसची दुसरी गंमत मार्चमध्ये होते. कंपनी ३१ मार्चला तुमचं बिल तिच्या पुस्तकात जमा करते, टीडीएस कापून भरते आणि पैसे मेमध्ये देते. तुमच्या २६एएस मध्ये, म्हणजे कर खात्याच्या टीडीएस पत्रकात, ते उत्पन्न आणि टीडीएस मार्चचं दिसतं, कॅश पद्धतीत मात्र तुमचं उत्पन्न पुढच्या वर्षाचं. नियम ३७बीए(३) प्रमाणे टीडीएसची वजावट ज्या वर्षी ते उत्पन्न करपात्र त्या वर्षी मिळते. म्हणून रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात तो ‘पुढे ओढलेला’ म्हणून दाखवायचा आणि पुढच्या वर्षी वापरायचा. याच वर्षी सगळा टीडीएस घेऊन उत्पन्न मात्र पुढच्या वर्षावर ढकललंत तर तफावतीची नोटीस येईल. बिलागणिक जुळणीचा तक्ता फाइलमध्ये असेल तर तिचं उत्तर दहा मिनिटांत देता येतं.

मर्कंटाइलवर राहिलात तर एक काम दर मार्चमध्ये करायला विसरू नका. येण्यांची यादी वयाप्रमाणे लावा आणि जी बिलं खरोखर बुडाली आहेत ती पुस्तकात बुडीत म्हणून काढून टाका. आधीच्या वर्षी उत्पन्नात धरलेलं शुल्क असं काढलं की त्या वर्षी त्याची वजावट मिळते. येणं बुडालंय हे सिद्ध करत बसावं लागत नाही, पण पुस्तकात प्रत्यक्ष काढलेलं असावं लागतं. नुसती तरतूद करून भागत नाही. वजावट फक्त शुल्काच्या रकमेची म्हणून मोजा. ज्यांच्याशी वाद चालू आहे पण वसुली होण्यासारखी आहे अशी बिलं यात ढकलू नका, कारण नंतर पैसे आले की ते पुन्हा उत्पन्नच धरावं लागतं. तुमच्या २१ लाखांत वर्षभराहून जुनी किती आहेत, ती यादी आधी सीएंना द्या. २८ लाखांतला काही नफा कदाचित मिळणाऱ्यांतला नसेलच.